बार मळणाऱ्याला आधी अडचण विचार

पोरी, तंबाखू सोडवायच्या कामाला लागलीस तर पहिल्या भेटीत कॅन्सरचे फोटो पुढे करू नकोस. ते पुडीवर माणूस रोज बघतोच.

1950च्या दशकात अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता, की क्षयाची एक्स-रे तपासणी फुकट असूनही लोक येत का नाहीत? त्यातून ‘आरोग्य विश्वास प्रारूप’ तयार झालं. माणूस मनात हिशेब करतो: हा आजार मला होईल का, झाला तर किती वाईट, सोडून मिळणार काय आणि सोडताना अडचण कोणती? शिवाय कुणीतरी टोकावं लागतं आणि ‘मला जमेल’ असं आतून वाटावं लागतं.

औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईतले एक काका मला म्हणाले, “कॅन्सर वाईटच हो. पण माझ्या आज्यानं ऐंशी वर्षांपर्यंत खाल्ली, काही झालं नाही.” म्हणजे आजाराची भीती पुरती होती, तो आपल्याला होईल हे मात्र पटलेलं नव्हतं. मी वाद घातला नाही. म्हटलं, “काका, आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला.” दोनच गेली. तिसरं अडलं तेव्हा ते गप्प झाले. तोंड असं कमी उघडत असेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर घाटीतल्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच पाठवायचं. मीही पाठवलं.

तरी त्यांची तंबाखू सुटली नाही. खरी गाठ अडचणीत होती, आणि बहुतेकांची तिथेच असते. पहाटे जाधववाडीला माल घ्यायला जायचं, त्याआधी बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही सबब नव्हे, सोडल्यावर बद्धकोष्ठ खरोखरच होतं. त्यावर रात्री पालेभाजी-फळं आणि उठल्यावर कोमट पाणी सांगितलं. शेजारच्या गाळेवाल्यांना डबी पुढे न करण्याची विनंती काकांनी स्वतः केली.

मग विचारलं, “कधी न खाता राहिलात का?” म्हणाले, “नवरात्रात. कर्णपुऱ्याच्या देवीसाठी नऊ दिवस शिवत नाही.” बघ, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत अवघड, आणि ते हा माणूस दरवर्षी पार करत होता! स्वतःच्या तोंडून हे ऐकल्यावर त्यांना बळ आलं. दहाव्या दिवशी पुन्हा बार भरायचा नाही, एवढंच ठरलं, आणि त्या दसऱ्यापासून त्यांनी सोडली.

एक लक्षात ठेव. हे प्रारूप मनाचा हिशेब सांगतं, निकोटिनची ओढ मोजत नाही. उठल्यावर अर्ध्या तासात ज्याला तंबाखू लागते, त्याचं सहसा नुसत्या बोलण्यानं भागत नाही. त्याला डॉक्टरांकडून निकोटिन गमसारखं औषध मिळवून दे, आणि 1800-11-2356 हा मोफत मदतक्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तूच भरून दे.