मॉलमधल्या सुरक्षारक्षकाचे अधिकार किती?

प्रश्न : मॉलचा रक्षक चोरीच्या संशयावरून ग्राहकाला अडवून झडती घेऊ शकतो का?

उत्तर : खासगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. 2005चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा परवाना आणि प्रशिक्षण सक्तीचे करतो. अटकेचा वेगळा अधिकार देत नाही. रक्षकाला कोणत्याही नागरिकाइतकीच मुभा असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40नुसार आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते, मात्र सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते.

खरी मेख पुढेच आहे. आठशे रुपयांचा शर्ट पिशवीत लपवताना ग्राहक दिसला, असे समजा. नव्या संहितेत पाच हजारांखालची पहिलीच चोरी अदखलपात्र व जामीनपात्र आहे, त्यामुळे कलम 40चा आधार डळमळतो. नुसता संशय असेल तर तोही उरत नाही. मागच्या खोलीत बसवून ठेवणे, जबरदस्तीने खिसे तपासणे हा अन्यायकारक अटकावाचा गुन्हा ठरू शकतो.

पोलिसांच्या गैरवर्तनावर खातेनिहाय चौकशी होते. इथे मात्र मॉल एजन्सीकडे बोट दाखवतो आणि एजन्सी रक्षकाला कामावरून काढून मोकळी होते. तक्रारदाराने पोलिसांबरोबरच परवाना देणाऱ्या राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडेही लेखी तक्रार द्यावी. अटी मोडल्यास एजन्सीचा परवाना त्याला रद्द करता येतो.