थरांच्या आलेखातील मधल्या पिकांचे माप

पिकांखालील क्षेत्र वर्षानुवर्षे कसे बदलले हे दाखविण्यासाठी हल्ली संगणकावर रंगीत पट्ट्यांचा आलेख काढण्याची चाल पडली आहे. त्यात एकेका पिकाचा पट्टा, विहीर खणताना दिसणाऱ्या मातीच्या थरांप्रमाणे, दुसऱ्या पिकाच्या पट्ट्यावर रचलेला असतो. स्टॅक्ड एरिया चार्ट असे त्याचे नाव. येथे आम्ही त्यास थरांचा आलेख म्हणू. दिसण्यास तो मोहक खरा. परंतु त्यावरून बियाण्याची मागणी ठरवावयाची झाल्यास फार जपले पाहिजे.

या आलेखात दोनच गोष्टी नीट वाचता येतात. सर्वांत खालचा थर सपाट शून्यरेषेवर बसलेला असतो, म्हणून त्याची उंची सरळ मोजता येते. आणि सर्वांत वरची कड एकूण क्षेत्र दाखविते. मधल्या थराची मात्र खालची व वरची अशा दोन्ही कडा हलत असतात. त्याचे माप त्या दोहोंमधील उभे अंतर हेच होय. पण तिरप्या पट्ट्याची जाडी पाहताना आपली नजर उभे अंतर घेत नाही, कडांमधील सर्वांत जवळचे अंतर घेते. सारा घोटाळा येथे होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तळाशी सोयाबीन, मध्ये तूर, वर ज्वारी. आडव्या रेषेवर १ वर्षास १ सेंटिमीटर व उभ्या रेषेवर ४० एकरांस १ सेंटिमीटर असे प्रमाण धरू. सोयाबीन पहिली चार वर्षे १२० एकर, पाचव्या वर्षी २०० व सहाव्या वर्षी २८० एकर झाले. तूर सहाही वर्षे ८० एकरच राहिली, म्हणजे तिची उभी जाडी सर्वत्र २ सेंटिमीटर. परंतु शेवटच्या दोन वर्षांत सोयाबीनची कड दर सेंटिमीटरास २ सेंटिमीटर चढते आणि तिच्या पाठीवर तुरीचा पट्टाही तसाच तिरपा होतो. त्या चढावर पट्ट्याची कडांशी काटकोनात मापलेली जाडी जेमतेम ९ मिलिमीटर भरते. पाहणारास वाटते की तूर ३६ एकरांवर आली! एकरी सुमारे ५ किलो बियाणे धरले, तर ४०० किलोंऐवजी १८० किलोच मागविले जाईल, आणि मृगाच्या तोंडावर उरलेल्या बियाण्यासाठी धावपळ होईल.

याच्या उलट चूकही घडते. सोयाबीन ४० एकर वाढले व तूर २० एकर घटली, तर तुरीची वरची कड २० एकर चढलेलीच दिसेल. जाडी सोडून कडेकडे पाहणारा ‘तूर वाढली’ म्हणेल.

ही खोड जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखसंग्रहात इंग्लंडच्या पूर्वेकडील देशांशी चालणाऱ्या आयात-निर्यातीच्या दोन रेषा आहेत. १७६० नंतर लगेच त्यांतील अंतर झपाट्याने वाढून पुन्हा घटले. पण रेषा तेथे चढत्या असल्यामुळे ते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. क्लीव्हलंड व मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिले. एकाच पट्टीवरील स्थान ओळखण्यात नजर सर्वांत कमी चुकते आणि क्षेत्रफळ अजमावण्यात बरीच अधिक चुकते, असेही त्यांच्या प्रयोगांत आढळले.

यावर तोड सोपी आहे. प्रत्येक पिकाची रेषा शून्यापासूनच काढावी. वरील उदाहरणातील तूर मग सरळ आडवी रेषा होऊन बसेल व वाद उरणार नाही. एकूण क्षेत्र हवे असल्यास त्याची निराळी जाड रेषा द्यावी. पिके चार-पाचांहून अधिक झाली की रेषा एकमेकींत गुंततात; अशा वेळी दर पिकास एक लहान चौकट देऊन त्या शेजारी शेजारी मांडाव्यात, मात्र सर्वांचे प्रमाण एकच ठेवावे. थोड्या एकरांतील तीळ किंवा कारळा यांची रेषा त्यात तळाशी चिकटून बसेल, हा या रीतीचा दोष आहे. त्यांच्यासाठी निराळे प्रमाण घेणे भाग पडल्यास ते चौकटीवर ठळक लिहावे. नाहीतर ५ एकरांचा तीळ ५०० एकरांच्या सोयाबीनच्या बरोबरीने मिरवू लागतो.

थरांचा आलेख अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. एकूण क्षेत्र व एकच पीक दाखवावयाचे असेल तर ते पीक तळाशी ठेवून तो खुशाल काढावा. आणि असा आलेख दुसऱ्या कोणाकडून हाती आला, तर कागदाची सरळ पट्टी घ्यावी, पहिल्या वर्षापाशी ती उभी धरून मधल्या थराच्या दोन्ही कडा तिच्यावर पेन्सिलीने खुणाव्यात, आणि तीच पट्टी उभीच ठेवून शेवटच्या वर्षापाशी न्यावी. खुणा जुळल्या तर क्षेत्र बदललेले नाही, मग पट्टा कितीही बारीक दिसो.