कुंडीतल्या टोमॅटोचे पाणी: बूड काळे पडू नये, फळ तडकू नये म्हणून

शिमगा सरतो तसे मालवण किनाऱ्यावर परसात आणि गच्चीवर बादल्या-गोण्यांत लावलेल्या टोमॅटोचे घड भरू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी दोन तक्रारी सुरू होतात. लिंबाएवढ्या हिरव्या फळाचे बूड काळे पडते. रंग धरलेले फळ देठापासून चिरत जाते. पहिल्या तक्रारीला बुरशी समजून औषध फवारले जाते, दुसरीसाठी बियाण्याला दोष दिला जातो. बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते: कुंडीतली माती कधी कोरडी ठक्क, तर कधी चिंब होत राहणे.

आपल्याकडे टोमॅटो कुंडीत लावायला सबळ कारण आहे. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत जिवाणूंमुळे होणारी मर फार. हिरवेगार झाड दोन-चार दिवसांत मान टाकते. जिथे वांगी, मिरची, टोमॅटो कधी लावलेले नाहीत, तिथली माती कुंडीत भरली तर हा धोका बराच कमी होतो. पण जमिनीतले मूळ ओलाव्यामागे खोल जाऊ शकते, बादलीतल्या मुळाला भिंतीपलीकडे जायला जागा नसते. त्यामुळे पाण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

बूड काळे पडण्याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. डाग देठाच्या विरुद्ध टोकाला येतो, आधी पाणी मुरल्यासारखा, मग तपकिरी-काळा, सपाट आणि चामड्यासारखा कोरडा. बुरशीची कूज फळावर कुठेही येते, मऊ-ओलसर असते आणि शेजारच्या फळाला लागते. हा डाग तसा पसरत नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोहोचल्यामुळे पेशी मोडतात, म्हणून बुरशीनाशकाचा इथे उपयोग नाही. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढते, आणि पाणी जास्त ओढतात ती पाने, कारण बाष्प तिथून उडते. एकदा पानात गेलेले कॅल्शियम फळाकडे जवळजवळ परत येत नाही. दुपारी खाऱ्या वाऱ्यात माती सुकली की आहे तेवढे पाणी पाने घेतात आणि फळाचे टोक उपाशी राहते. फळ धरल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक. म्हणजे आज दिसणारा डाग आधी कधीतरी पडलेल्या ताणाचा असतो. डागाळलेले फळ बरे होत नाही. ते तोडून टाका, म्हणजे पाणी पुढच्या घडाला मिळेल.

आता एका बादलीचा हिशेब मांडू. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीत सुमारे 15 लिटर मिश्रण बसते: दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट. अशा मिश्रणातून झाडाला सहज घेता येईल असे पाणी साधारण तीन लिटर. मार्चमध्ये फळांनी लगडलेले झाड दिवसाला दोन ते अडीच लिटर पिते. बादलीचे तोंड 30 सेंटिमीटर रुंद असेल तर उघड्या मातीवरून आणखी पाव-अर्धा लिटर उडते. म्हणजे सकाळी भरलेला साठा संध्याकाळपर्यंत तळाला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला दहा वाजले तर झाड ताणात सापडलेच.

आच्छादन नेमके काय करते ते या आकड्यांवरून कळेल. उघड्या मातीवरून उडणारे बरेचसे पाणी ते वाचवते, पण झाड पिते त्या अडीच लिटरांवर त्याचा इलाज नाही. त्याचा मोठा फायदा वरच्या थरात आहे. तिथे बारीक मुळांची दाटी असते. आच्छादन नसेल तर ती मुळे दुपारी तापतात आणि थर रोज सुकतो-भिजतो. म्हणून आच्छादन घाला, पण त्याच्या भरवशावर पाणी चुकवू नका.

त्यासाठी विकत काही आणायला नको. भाताचा पेंढा, आंब्या-काजूचा वाळलेला पातेरा, चुडताचे तुकडे, सगळे चालते. पातेरा चुरडून घाला. अखंड पाने एकावर एक बसली की पाणी बाहेर ओघळते. थर पाच सेंटिमीटर पुरे, खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. पेंढ्याला वाळवी लागते, तेव्हा आठवड्यातून एकदा उचलून बघा. सोडणाचे तुकडे सर्वांत टिकाऊ, पण खाडीच्या पाण्यात मुरवलेले असतील तर त्यांत मीठ असते. गोड्या पाण्यात भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून मगच वापरा. कोकोपीटही तसेच धुऊन घ्या. काळ्या बादलीची उन्हाकडची बाजू गोणपाटाने झाका आणि गच्चीवर बादली थेट लादीवर न ठेवता चिऱ्यावर ठेवा.

पाणी सकाळी सातच्या आत द्या. फळे भरायला लागल्यापासून संध्याकाळीही थोडे द्या. एकदम ओतू नका. सुकलेले कोकोपीट पाणी झटकते, पाणी भिंतीच्या कडेने खाली उतरते आणि भोकातून गळताना दिसते, पण मधला गाभा कोरडाच राहतो. म्हणून एक तांब्या घाला, दहा मिनिटे थांबा, मग उरलेले घाला. आच्छादनाखालची माती वरून कळत नाही. बोट दोन पेरे आत घालून बघा, किंवा बादली किंचित उचला. भरल्या आणि सुकल्या बादलीच्या वजनातला फरक हाताला चटकन समजतो.

माती आम्लधर्मी असली तर मिश्रण भरतानाच चुनखडीची पूड घाला, एका बादलीला सुमारे 30 ग्रॅम, लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी. उभ्या पिकात आम्लता न बदलता कॅल्शियम द्यायचे तर चमचाभर जिप्सम मातीत मिसळा. अंड्याची टरफले आणि शिंपले विरघळायला फार वेळ लागतो, त्यांच्याकडून या हंगामात अपेक्षा धरू नये. युरिया आणि ताजी शेणस्लरी मात्र आवरा. अमोनियाच्या रूपातला नत्र कॅल्शियमला मुळापाशीच अडवतो आणि पाला वाढवून पाण्याची मागणीही वाढवतो.

देवबाग-तारकर्लीसारख्या पुळणीच्या पट्ट्यात एप्रिलनंतर विहिरी मचूळ होऊ लागतात. खारट पाणी मूळ नीट ओढू शकत नाही, त्यामुळे माती ओली असूनही बूड काळे पडते. पाण्याची क्षारता 1.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की टोमॅटोचे उत्पन्न घटू लागते. मोजून घ्यायचे असेल तर किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. मडक्याच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पुटे दिसली तर गोडे पाणी मिळेल तेव्हा भरपूर घालून खालून निथळू द्या.

तडकण्याचे गणित उलटे आहे. फळ पिकू लागले की साल ताठर होते. आधी तहानलेल्या झाडाला अचानक पोटभर पाणी मिळाले की आतला गर फुगतो आणि साल फाटते, देठापासून उभी किंवा देठाभोवती कड्यांसारखी. म्हणून एखाद दिवस पाणी चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊन भरपाई करू नका. दिवसभरात तीन-चार वेळा थोडे थोडे द्या. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीवर मात्र आपला ताबा नाही. ढग दाटले की बादल्या पागोळीपासून दूर, पडवीच्या आडोशाला घ्या, आणि ज्या फळांच्या बुडाला गुलाबी छटा आली आहे ती तोडून घरात ठेवा. सावलीत, देठ खाली करून ठेवली की चार-सहा दिवसांत पिकतात.