नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखता येतो का?

फोन वाजतो. पलीकडून अनोळखी आवाज 'हॅलो' म्हणतो आणि तेवढ्यावरून तुम्ही मनात ठरवून टाकता, की हा गृहस्थ तापट असावा, किंवा ही बाई मनमिळाऊ असावी. हा अंदाज कितपत खरा मानायचा?

ग्लासगो येथील मानसशास्त्रज्ञ फिल मॅकअलीर व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ६४ स्त्रीपुरुषांच्या बोलण्यातून फक्त 'हॅलो' हा शब्द वेगळा काढला. ध्वनीचा हा तुकडा एका सेकंदापेक्षाही लहान होता. तो ऐकून ३२० श्रोत्यांनी बोलणारा किती विश्वासू, किती मनमिळाऊ, किती वर्चस्व गाजवणारा वाटतो याबद्दल अंक दिले. निरनिराळ्या श्रोत्यांचे अंक एकमेकांशी चांगलेच जुळले!

पुष्कळ जण येथेच फसतात. सर्वांचे मत एक, म्हणजे ते बरोबर, असे आपण धरून चालतो. पण वर्गातल्या दहा मुलांनी आपली घड्याळे एकाच चुकीच्या घड्याळाबरोबर लावली, तर दहाही घड्याळे एकच वेळ दाखवतील आणि दहाही चुकतील. बोलणारी माणसे खरोखरच विश्वासू होती की नाही, हे या प्रयोगात तपासलेलेच नव्हते. एकमत आणि अचूकपणा या दोन गोष्टी निराळ्या असतात.

मग अचूकपणा तपासायचा कसा? अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात विल्यम चॅप्लिन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला हस्तांदोलनाचा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ११२ विद्यार्थ्यांना स्वभावाविषयीच्या चार प्रश्नावल्या भरायला बोलावले होते. प्रत्येक प्रश्नावली देणारा परीक्षक वेगळा. तो येताना एकदा व निरोप घेताना एकदा हात मिळवी आणि पकड, जोर, कालावधी, नजरेला नजर मिळवणे इत्यादींची गुपचूप नोंद करी. आपल्या हस्तांदोलनाची परीक्षा चालली आहे, याची विद्यार्थ्यांना कल्पना नव्हती. या परीक्षकांना आधी रीतसर शिक्षण दिलेले होते.

या नोंदी प्रश्नावल्यांतील उत्तरांशी ताडून पाहिल्या. घट्ट हात मिळवणारे विद्यार्थी सरासरीने अधिक मोकळ्या स्वभावाचे, भावना व्यक्त करणारे आणि कमी लाजाळू निघाले. म्हणजे पहिल्या भेटीत काहीतरी खरे कळते. पण हा संबंध बेताचाच होता. हात सैल, पण स्वभाव बोलका, अशीही माणसे असतातच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. चॅप्लिन यांच्याजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची चार परीक्षकांनी घेतलेली आठ हस्तांदोलने होती. एखाद्या वेळी हात दुखत असला किंवा मन धास्तावलेले असले, तरी आठांच्या सरासरीत तो दोष बराचसा विरून जातो. पाहुणा दारात येतो तेव्हा तुमच्याजवळ एकच हस्तांदोलन, किंवा एकच नमस्कार असतो.