इस्त्री मामूची, झटका भाचीला : कारखानदार जबाबदार कसा?

मामूने दुकानातून विजेची इस्त्री विकत घेतली आणि भाचीला लग्नात भेट दिली. पावती मामूच्या नावाची. दोन महिन्यांनी इस्त्रीचा झटका बसून भाचीचा हात भाजला, साडीही जळाली. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनी म्हणाली, आम्ही माल वितरकाला विकला, तुमच्याशी आमचा सौदाच नाही. आम्ही घेतलेले हे उदाहरण कल्पित आहे, पण असे उत्तर कोणालाही मिळू शकते.

केवळ कराराच्या हिशेबाने कंपनीचे म्हणणे बरोबर ठरेल. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 कराराच्या पुढे जातो. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. त्यामुळे भाची थेट कारखानदारावर दावा करू शकते.

तिने सिद्ध काय करायचे? मालात दोष होता आणि त्याच दोषामुळे इजा झाली, एवढे. समजा, आतली अर्थिंगची तार स्क्रूखाली आवळलेलीच नव्हती आणि विजेची तार सुटून धातूच्या भागाला टेकली. हा बनावटीतला दोष झाला. मग कारखानदाराने ‘आम्ही पूर्ण काळजी घेतली होती’ असे दाखवले तरी तो सुटत नाही.

मात्र पुरावा इस्त्रीच्या पोटात आहे. गल्लीतल्या मिस्त्रीने ती उघडली की कंपनी म्हणेल, तार त्यानेच सैल केली. म्हणून इस्त्री तशीच बांधून ठेवावी. आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पावती आणि दवाखान्याचे कागद जपावेत. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे.

या दाव्यात हाताची इजा, त्यापायी झालेला मनस्ताप आणि जळालेली साडी येते. खुद्द इस्त्रीची किंमत आणि बुडालेला धंदा येत नाही. स्वतःच्या रोजीरोटीसाठी इस्त्री वापरणारा शिंपी ग्राहक ठरतो. नफ्यासाठी चालणारा मोठा कारखाना या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही.

आता आपल्या दुकानदार बांधवांचे. दुकानदार एरवी बाजूला राहतो. पण त्याने मालात फेरफार केला, स्वतःची वेगळी हमी दिली, किंवा माल बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर दावा त्याच्यावर येतो.

सर्वांत धोक्याची गोष्ट लेबलाची आहे. दुसऱ्याकडून बनवून घेतलेल्या मालावर आपल्या नावाची चिठ्ठी लावून विकणारा कायद्याच्या नजरेत स्वतःच कारखानदार आहे. आतला स्क्रू त्याने कधी पाहिला नसेल, तरी भाची त्याच्याच दारात येईल. तेव्हा असा माल घेताना बनवणाऱ्याची पक्की पावती आणि ‘दोष निघाल्यास भरपाई आमची’ असा लेखी कागद घेतल्याशिवाय आपले नाव चिकटवू नये. त्या कागदाने भाचीचा दावा टळत नाही, पण आपण भरलेली रक्कम बनवणाऱ्याकडे मागता येते.