वरण-भात : दोन उणिवांची परस्परपूर्ती

वसतिगृहाच्या पंगतीत भात आणि वरण एकाच ताटात येतात ते केवळ चवीसाठी, असा आपला समज असतो. वस्तुतः भातातील प्रथिनांत जे उणे आहे ते डाळीत विपुल आहे आणि डाळीत जे उणे आहे ते भातात आहे. ही देवघेव कशी होते आणि कोणत्या प्रमाणात घडते, हे या लेखात आम्ही मांडत आहोत.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. आहारातील प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले सुटी होतात आणि शरीर त्यांपासून स्नायू, रक्त, त्वचा यांची स्वतःची प्रथिने नव्याने गुंफते. यांपैकी नऊ अमिनो आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. म्हणून त्यांना अत्यावश्यक म्हणतात. छापखान्यात खिळे जुळवताना एखाद्या अक्षराचे खिळे संपले, तर बाकीची अक्षरे पेटीभर असूनही पान पुरे होत नाही. शरीरातही तसेच घडते. जे अमिनो आम्ल सर्वांत अपुरे, तेच नवी प्रथिने किती बनतील हे ठरवते. उरलेली अमिनो आम्ले साठवून ठेवता येत नाहीत. ती इंधन म्हणून जळतात आणि त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतो.

भाताचे अपुरे अक्षर म्हणजे लायसिन. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली तीन वर्षांवरील सर्वांसाठी जे मान दिले, त्यानुसार आहारातील दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसिन असावे. तांदळाच्या प्रथिनात ते सुमारे ३७ मिलिग्रॅमच असते. तूरडाळीत मात्र ते ७० मिलिग्रॅमच्या आसपास असते. डाळीची उणीव निराळी आहे. मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले मिळून दर ग्रॅम प्रथिनामागे २३ मिलिग्रॅम हवीत. तूरडाळीत ती सुमारे २० असतात, तर तांदळात ४० हून अधिक. म्हणजे एकाची तूट नेमकी तेथे आहे जेथे दुसऱ्याची शिल्लक आहे.

आता एका मुलाच्या जेवणाचा हिशेब करू. कोरडा तांदूळ १०० ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने आणि २९६ मिलिग्रॅम लायसिन असते. ८ ग्रॅमला हवे ३८४. त्यामुळे नुसत्या भातातील ८ ग्रॅमपैकी जेमतेम ६ ग्रॅम प्रथिनेच शरीराच्या बांधणीस पूर्णपणे उपयोगी पडतात. आता त्यात २० ग्रॅम कोरडी तूरडाळ मिळवू. तिच्यातून ४.४ ग्रॅम प्रथिने आणि ३०८ मिलिग्रॅम लायसिन येते. एकूण प्रथिने १२.४ ग्रॅम, लायसिन ६०४ मिलिग्रॅम, आवश्यकता ५९५. तूट भरून निघाली. गंधकयुक्त अमिनो आम्लांची डाळीतील उणीव भाताने आधीच भरून काढलेली असते. डाळीने स्वतःची प्रथिने दिलीच, शिवाय भातातील वाया जाणारी प्रथिनेही कामी लावली.

परंतु हे प्रमाण काठावरचे आहे. डाळ २० ऐवजी १० ग्रॅम पडली, तर लायसिन ४५० मिलिग्रॅमवर येते आणि आवश्यकता ४९० राहते. तूट पुन्हा दिसू लागते. शिवाय डाळीतील प्रथिने पूर्णांशाने पचत नाहीत. म्हणून १०० ग्रॅम तांदळामागे ३० ग्रॅम डाळ ठेवल्यास हिशेब सुरक्षित राहतो. भाकरीच्या जेवणात तर डाळीची गरज अधिकच आहे, कारण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन तांदळापेक्षाही कमी असते.

चूक होते ती बहुधा वाढण्यात. वरणात पाणी घातल्याने प्रथिने नष्ट होत नाहीत. पण तेवढ्याच वाटीत डाळ कमी येते आणि घोटलेल्या, फोडणी दिलेल्या वरणाकडे पाहून ती उणीव डोळ्यांना कळत नाही. ती कळण्याचा मार्ग एकच : डाळ शिजवण्यापूर्वी कोरडी मोजणे. शंभर मुलांसाठी १० किलो तांदूळ काढला, तर २ किलो डाळ ही किमान मर्यादा आणि ३ किलो हे योग्य माप. घरीही तीन वाट्या तांदळामागे एक वाटी डाळ, हे माप ध्यानी ठेवावे.

भात आणि वरण एकाच घासात असावेत असे मात्र नाही. सकाळी भात आणि सायंकाळी उसळ, अशी त्याच दिवसात सांगड पडली तरी निरोगी माणसाला सहसा पुरते. आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी : मुलाला पोटभर अन्न मिळाले नाही, तर उत्तम प्रतीची प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. ताटात आधी पुरेसा भात आणि मग त्याच्या मापाने डाळ, हा क्रम त्यासाठीच आहे.