फोटोतला बेडूक की भेक? आधी डोळ्यामागे पाहा



पावसाळा सुरू झाला की आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेडकांचे फोटो येऊ लागतात. नाशिककडे बोलताना सगळ्यांनाच बेडूक म्हणतात. त्यातल्या टोडला पुस्तकात भेक म्हटलंय, आणि मुलं विचारतात, "हा त्यातला कोणता?"

यंदा एका मुलाने कांद्याच्या शेतातल्या मातीत सापडलेल्या बेडकाचा फोटो पाठवला. गोल गुबगुबीत अंग, आखूड पाय, मातकट रंग, जमिनीला चिकटून बसलेला. निम्म्या पालकांनी लगेच "भेक" लिहिलं. खरं सांगायचं तर मीही तसंच म्हटलं असतं. बेडूक पाठ उंच करून, लांब मागचे पाय दुमडून बसतो आणि भेक बसकट असतो, असंच आपण शिकवतो ना! पण घाबरलेला बेडूकही अंग जमिनीला दाबून धरतो.

म्हणून फोटो मोठा करून डोळ्यामागे पाहिलं. आपल्याकडच्या नेहमीच्या भेकाला तिथे, कानाच्या गोल पडद्याच्या वर, घेवड्याच्या दाण्यासारखा जाड उंचवटा असतो. ती विषग्रंथी. शिवाय डोक्यावर, डोळ्यांच्या कडेने काळ्या कडक रेघा उठलेल्या दिसतात. या फोटोत दोन्ही नव्हतं. डोळ्यापासून खांद्याकडे जाणारी एक बारीक घडी तेवढी होती. इथेच गल्लत होते: घडी म्हणजे कातडीची दुमड, ग्रंथी म्हणजे फुगीर गाठ. फोटो बाजूने काढलेला असेल तर फरक लगेच कळतो.

मग मुलाला मागच्या तळव्याचा फोटो मागितला. टाचेजवळ फावड्यासारखा मोठा कडक उंचवटा! तो जमीन उकरणारा बेडूक निघाला, शास्त्रीय नाव स्फेरोथेका. म्हणजे भेक नाहीच.

कातडीवरून ओळखताना थोडं सावध राहा. भेकाच्या अंगावरच्या गाठींची टोकं बहुधा काळी, खरखरीत असतात. पण आपल्या मोठ्या बेडकाच्या पाठीवरही लांब उभ्या वळ्या असतात, आणि पावसात भिजलेला भेक फोटोत गुळगुळीत चमकतो.

बाहुलीचं तर विचारूच नका. आपला भेक आणि हा मोठा बेडूक, दोघांचीही बाहुली आडवीच. अंधारात ती फुगून जवळजवळ गोल होते, त्यामुळे रात्रीच्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही. या दोघांना वेगळं करायला बाहुलीचा उपयोग नाही, हे मी आता वर्गात स्पष्टच सांगते.

मुलांना दोन फोटो काढायला सांगा: एक वरून, एक बाजूने, मोबाईल त्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरून. हात न लावता. लावलाच तर डोळे चोळण्याआधी साबणाने धुवायचा, कारण भेकाच्या ग्रंथीतला पांढरा स्राव डोळ्यांत गेला की आग होते.